घरी कोरकू, शाळेत मराठी: पालकांना लिहिलेलं पत्र आणि त्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवते. माझं माहेर वऱ्हाडातलं, घरची भाषा वऱ्हाडी मराठी. वर्गातली जवळजवळ सगळी मुलं कोरकू बोलणारी. जूनच्या शेवटी शाळा उघडली आणि पहिल्याच पालक सभेत मी पालकांना लिहिलेलं पत्र वाचून दाखवलं. गावातल्या बारावी झालेल्या एका मुलीने तेच लगोलग कोरकूत सांगितलं. पत्र एवढंच होतं:

"आईवडिलांनो, तुमच्या मुलाला मराठी शिकवायची जबाबदारी माझी आहे. तुम्ही त्याच्याशी घरी कोरकूतच बोला. त्याला मराठी लवकर यावी म्हणून कोरकू बंद करू नका, शाळेतून आल्यावर 'आता मराठीत बोल' म्हणून दटावू नका. घरात जे बोलता ते थोडं जास्त बोला, त्याला प्रश्न विचारा, त्याचं पुरतं ऐकून घ्या. तो मला वर्गात कोरकूत उत्तर देईल तर मी रागावणार नाही. तुमची, बाई."

पत्र संपलं आणि प्रश्न सुरू झाले. काही त्याच दिवशी, काही नंतर बाजारात, काही नळावर. तेच तेच प्रश्न फिरून फिरून येतात, आजूबाजूच्या शाळांतल्या शिक्षकांनाही येतात, म्हणून इथे उत्तरं लिहून ठेवते.

घरी कोरकू बोललं तर पोराची मराठी कच्ची नाही का राहणार?

हा पहिला प्रश्न, आणि तो अगदी रास्त आहे. पोरगं दिवसाचे पाच-सहा तास शाळेत आणि बाकी सगळा वेळ घरी. घरीही मराठी झाली तर दुप्पट मराठी होईल, असा साधा हिशोब वाटतो.

तो हिशोब का जुळत नाही, ते दुसरीतल्या एका मुलीवरून सांगते. तिचं वाचन वर्गात सगळ्यांत चांगलं होतं. जोडाक्षरंसुद्धा अडायची नाहीत. मी तिला एक छोटा उतारा दिला. त्यात एक म्हातारी विहिरीवरून पाणी आणते, वाटेत घागर पाझरते आणि ओल्या वाटेच्या कडेने गवत उगवतं. तिने तो घडाघडा वाचला. मग मी विचारलं, गवत कुठे उगवलं? ती माझ्याकडे बघत राहिली. म्हातारीने काय आणलं? तरी गप्पच. अक्षरांचा आवाज तिला काढता येत होता, पण त्या आवाजातून अर्थ येत नव्हता. "पाझरणे" हा शब्द तिने कधी ऐकलाच नव्हता, "कडेने" अर्धवट ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट मी आमच्या गावातल्या ताईकडून तिला कोरकूत सांगवली आणि प्रश्नही कोरकूतच विचारले. तिने सगळी उत्तरं दिली. वर "म्हातारीला घागर फुटकी आहे हे माहीत होतं का?" असा तिचाच प्रश्न आला. मी तो प्रश्न विचारलेलाही नव्हता. म्हणजे गोष्ट समजून घ्यायची, कारण शोधायचं, पुढे काय होईल त्याचा अंदाज करायचा ही ताकद तिच्याजवळ आधीपासून होती. ती कोरकूत तयार झालेली होती. मराठीत तिला फक्त दहा-पंधरा शब्द कमी पडत होते.

ते दहा-पंधरा शब्द शिकवणं माझ्या हातात आहे. पण कारण शोधण्याची ताकद मी वर्गात शून्यातून उभी करू शकत नाही. ती घरातल्या बोलण्यातून येते, आणि ज्या भाषेत घरात खरं बोलणं होतं त्याच भाषेत येते. एकदा आली की ती त्या भाषेपुरती राहत नाही. कोरकूत "का?" विचारणारं पोर मराठीतही "का?" विचारतं.

पण आमचं पोर "माय आला" म्हणतं. हे कोरकूमुळेच ना?

हो, कोरकूमुळेच. आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

मराठीत आई आली, बाबा आले, वासरू आलं. प्रत्येक नामाला लिंग आणि त्याप्रमाणे क्रियापद बदलणार. भाकरी खाल्ली, भात खाल्ला, फळ खाल्लं. कोरकूत अशी भानगड नाही. कोरकूत भेद आहे तो सजीव आणि निर्जीव असा. त्यामुळे कोरकू पोर मराठी बोलायला लागलं की त्याच्या कानाला "आला" आणि "आली" यातला फरक महत्त्वाचा वाटतच नाही. ते एकच रूप पकडतं आणि सगळीकडे लावतं. ही चूक ऐकून ऐकून, गोष्टी वाचून हळूहळू जाते. मी वर्गात "आला नाही, आली म्हण" असं तोडून टाकत नाही. "हो का, माय आली का? कधी आली?" असं म्हणते. बरोबर रूप त्याच्या कानावर पडतं आणि बोलणंही थांबत नाही.

पण याच प्रश्नाची दुसरी बाजू पालकांना फारशी माहीत नसते, आणि मला ती फार आवडते. मराठीत "आम्ही" आणि "आपण" असे दोन शब्द आहेत. "आम्ही बाजाराला चाललो" म्हटलं की ऐकणारा त्यात नाही. "आपण बाजाराला जाऊ" म्हटलं की तोही आला. हिंदीत दोन्हींना साधारण "हम"च चालतं, म्हणून हिंदी बोलणाऱ्या मुलांना हा फरक शिकवावा लागतो. कोरकूत हा फरक आधीच आहे: ऐकणाऱ्याला धरून "आबुंग", त्याला सोडून "आले". त्यामुळे आमच्या पोरांना आम्ही-आपण एका दिवसात समजतं. नुसतं सांगायचं की हे आपलं "आले" आणि हे आपलं "आबुंग".

पहिल्या वर्षी मला हे ठाऊक नव्हतं. एक पोरगा काहीतरी सांगताना सारखं "आले, आले" म्हणत होता. मला वाटलं, कोणी तरी आले असं सांगतोय. मी दारात जाऊन पाहून आले. तो सांगत होता "आम्ही, आम्ही", म्हणजे त्याने आणि त्याच्या भावाने मिळून केलेलं काहीतरी. काय केलं होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. तो सांगायचा थांबला, आणि ते मला अजून लागतं.

कोरकूत द्विवचनही आहे. एक कुत्रा असेल तर "सीटा", दोन असतील तर "सीटाकिंग", जास्त असतील तर "सीटाकू". शेवटचा तो "कू" अनेकवचनाचा, "कोरकू" या नावातही तोच आहे: कोरो म्हणजे माणूस, कोरकू म्हणजे माणसं. शाळेत पुढे कधी संस्कृत घेतलं आणि द्विवचन समोर आलं तर बाकीच्या मुलांना ते नवं वाटेल, आमच्या पोरांना नाही.

आम्हालाही थोडी मराठी, थोडी हिंदी येते. घरी तेच बोललो तर काय बिघडलं?

बाजारात, बसमध्ये, दवाखान्यात बोलता तसं जरूर बोला. पोरांच्या कानावर पडू द्या. प्रश्न आहे तो पोराशी रोजचं बोलणं कोणत्या भाषेत, याचा.

मी इथे नवीन असताना याच्या नेमकं उलट सांगितलं होतं. पालकांना म्हटलं, घरीसुद्धा मराठी बोला. एका बापाने ते मनावर घेतलं. चांगला माणूस, पोराच्या शिक्षणाची तळमळ असलेला. त्याची स्वतःची मराठी मजुरीच्या कामातून आलेली: ये, जा, आण, ठेव, चूप बस, किती झाले, उद्या ये. तेवढ्यावर तो पोराशी बोलायला लागला. आधी तोच बाप रात्री अंगणात पोराला जंगलातल्या वाटा सांगायचा, कोणत्या झाडाची साल कशाला लागते ते सांगायचा, आजोबांच्या वेळचा वाघ सांगायचा. ते सगळं बंद झालं, कारण ते मराठीत सांगायला त्याच्याकडे शब्द नव्हते. सहा महिन्यांनी पोराकडे मराठीचे हुकूम होते आणि कोरकूतल्या गोष्टी थांबलेल्या होत्या. शाळेत तो अधिकच गप्प झाला. चूक माझी होती, त्याच्या बापाची नव्हती. मी घरी जाऊन त्याला तसं सांगितलं.

आईबाप ज्या भाषेत रागावू शकतात, समजावू शकतात, एखादी गोष्ट रंगवून सांगू शकतात, जुनी आठवण काढू शकतात, ती भाषा पोराशी बोलावी. मोडक्या मराठीचे दोनशे शब्द पोराला शाळेत दोन महिन्यांत मिळतात. ते घरातून आणायची गरज नाही.

पोरगं शाळेत तोंडच उघडत नाही. घरी तर बडबड करतं. काही दोष तर नाही ना?

नव्या भाषेच्या वर्गात आलेली बरीच मुलं सुरुवातीला गप्प राहतात. काही आठवडे, कधी काही महिनेसुद्धा. त्या वेळात ती ऐकत असतात. तुम्हाला फरक ओळखायचा असेल तर बोलण्याकडे नाही, वागण्याकडे बघा. "पाटी काढ" म्हटल्यावर पाटी काढतं का? दुसऱ्या पोरांकडे न बघता काढतं का? गाण्यातल्या हातवाऱ्यांत सामील होतं का? सुट्टीत मित्रांशी कोरकूत बोलतं का? हे सगळं होत असेल तर थांबा, ते बोलेल.

काळजी कधी करायची, तेही सांगते, कारण "भाषेमुळे असेल" म्हणून खरा त्रास झाकला गेल्याचं मी पाहिलंय. मूल कोरकूतही मागे असेल तर गोष्ट वेगळी. दोन वर्षांचं मूल कोरकूत दोन शब्द जोडून बोलत नसेल, मागून हाक मारली तर वळत नसेल, शाळेच्या वयाचं मूल घरच्यांशिवाय कोणालाच समजत नसेल, कान सारखा वाहत असेल, तर तपासून घ्या. शाळा आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक येतं, त्यांना दाखवा. आणि तिथे हे नक्की सांगा की मूल कोरकू बोलतं. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही म्हणून कुणी "मंद" म्हणून लिहून टाकता कामा नये. तपासताना आई शेजारी बसावी आणि तिने तोच प्रश्न कोरकूत विचारावा.

कोरकू, मराठी, शिवाय बाजारातली हिंदी. तीन भाषांनी डोक्यात गोंधळ होत नाही का?

नाही. तुम्ही स्वतः पहा. धारणीच्या बाजारात तुम्ही व्यापाऱ्याशी हिंदीत भाव करता, तिथेच शेजारणीशी कोरकूत बोलता आणि तलाठ्याशी मराठीत. तुमचा कधी गोंधळ झाला का? पोरं एका वाक्यात दोन भाषा मिसळतात, ते जो शब्द आधी हाताशी लागला तो वापरतात म्हणून. कोणाशी काय बोलायचं ते चार-पाच वर्षांच्या पोरालाही बरोबर कळतं: माझ्याशी मराठी ओढूनताणून, आजीशी कधीच नाही.

घरी नेमकं काय बोलायचं? आम्ही तर शाळा शिकलेलो नाही.

या प्रश्नात एक लाज असते. ती मला दर वेळी ऐकू येते, म्हणून याला मी सगळ्यांत मोठं उत्तर देते.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं वेचायला तुम्ही पोरांना घेऊन पहाटे निघता. गेल्या वर्षी मोह संपल्यावर मी पहिलीतल्या पोरांना म्हटलं, मला मोह वेचायचा कसा ते शिकवा, मला येत नाही. ते खरंच होतं. कोरकूत सांगा म्हटलं, ताई मला मराठीत सांगेल.

एरवी गप्प असलेला एक मुलगा उभा राहिला. त्याने सांगितलं की झाडाखालचा पाला आधी झाडून काढायचा, नाही तर फुलं दिसत नाहीत. काही जण पाला जाळतात, पण त्याच्या आजीला ते आवडत नाही, कारण आग पुढे पसरते. फुलं रात्रीची गळायला लागतात, म्हणून उजाडायच्या आत पोचायचं. उशीर केला तर गुरं खातात, आणि अस्वलही येतं, म्हणून एकट्याने जायचं नाही, बोलत बोलत जायचं. आणलेली फुलं अंगणात पातळ पसरायची, ढीग केला तर सडतात. दिवसातून उलटायची. वाळली की रंग बदलतो आणि हाताला हलकी लागतात.

हे ऐकताना मी फळ्यावर फक्त खुणा करत होते. मग त्याला म्हटलं, बघ, तू काय काय केलंस. क्रम लावलास: आधी हे, मग ते. कारणं सांगितलीस: नाही तर, म्हणून, कारण. दोन पद्धतींची तुलना केलीस. वाळल्याची खूण सांगितलीस. चौथी-पाचवीच्या परिसर अभ्यासात मुलांना हेच करावं लागतं, आणि तिथेच भलीभली पोरं अडतात. या मुलाने ते सहाव्या वर्षी केलं, त्याच्या आजीने त्याच्याशी बोलून बोलून शिकवलेलं.

पुढचे चार दिवस आम्ही त्याचंच मराठी केलं. पहिल्या दिवशी फक्त शब्द: फूल, पाला, पहाट, वाळणे, उलटणे, सडणे. प्रत्येक शब्दाला खरी वस्तू किंवा कृती. दुसऱ्या दिवशी त्या शब्दांची छोटी वाक्यं, तोंडीच. तिसऱ्या दिवशी मी "म्हणून" आणि "नाही तर" हे दोन जोडशब्द घेतले, कारण त्याचं सगळं शहाणपण त्या दोन शब्दांवर उभं होतं. चौथ्या दिवशी पोरांनी सांगितलं आणि मी मोठ्या कागदावर लिहिलं: "मोह पातळ पसरा, नाही तर सडतो." सगळ्यांनी वाचलं. या वेळी वाचणाऱ्या एकालाही अर्थ विचारावा लागला नाही.

तर घरी एवढंच करा. जे काम करता ते करताना पोराशी बोला. हे असं का करतोस, असं केलं नाही तर काय होईल, काल कुठून आलो, परत जाताना वाट कशी ओळखशील. पोराचं उत्तर चुकलं तरी मध्ये तोडू नका. रात्री जेवताना दिवसभरातली एक गोष्ट त्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायला लावा. आजी-आजोबा असतील तर पोराला त्यांच्याजवळ झोपू द्या. मोबाईलवरच्या गोष्टी चालतात, पण मोबाईल पोराला उलटा प्रश्न विचारत नाही.

गणिताला तर भाषा लागत नाही, मग त्यात पोरं का मागे?

लागते. "तुझ्याकडे आठ बोरं होती, तीन दिलीस, किती उरली?" यात "उरली" समजलं नाही तर पोर आठ आणि तीन मिळवून अकरा सांगतं. बेरीज बरोबर असते, गणित चुकतं. मी आता उदाहरण आधी खऱ्या बोरांनी कोरकूत करून घेते, मग "उरले", "मिळून", "जास्त", "कमी" हे चार शब्द मराठीत पक्के करते. घरी तुम्ही कोरकूत मोजायला शिकवलं असेल तर तेही ठेवा. मोजणं एकदा आलं की आकड्यांची नावं बदलता येतात.

किती दिवसांत मराठी येईल?

बोलण्यापुरती मराठी आणि शिकण्यापुरती मराठी, यांना वेगवेगळा वेळ लागतो. कॅनडातले शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी तिथल्या स्थलांतरित मुलांविषयी हे मांडलं: रोजच्या बोलण्याची नवी भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण पुस्तकातली, अभ्यासाची भाषा बरोबरीच्या मुलांइतकी यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. ती मुलं शाळेबाहेरही नवीच भाषा ऐकत होती. आमच्या पोरांना मराठी बहुतेक शाळेतच ऐकू येते, म्हणून मी पालकांना याहून लवकरचं आश्वासन देत नाही.

यातला धोका असा की दुसरीच्या शेवटी पोर माझ्याशी मराठीत गप्पा मारतं आणि सगळ्यांना वाटतं, झालं, आली मराठी. मग चौथीत "बाष्पीभवन" आणि "उतार" आले की ते मागे पडतं आणि लोक म्हणतात, डोकं नाही. डोकं असतं, भाषा अजून अर्ध्या वाटेवर असते. नेमकं त्याच वेळी घरची भाषा भक्कम असायला हवी, कारण "फडकं उन्हात वाळतं तेव्हा पाणी कुठे जातं?" हे पोर कोरकूत विचार करून सांगू शकतं, आणि "बाष्पीभवन" हा शब्द मग त्या विचाराला फक्त नाव म्हणून चिकटतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. नुसतं घरी कोरकू बोलल्याने मराठी येणार नाही. मराठी यायला शाळेत रोज भरपूर मराठी ऐकावी, बोलावी, वाचावी लागते. ते माझं काम, आणि पोर रोज शाळेत आलं तरच होतं.

आम्ही दिवाळीनंतर कामाला बाहेर जातो, तेव्हा काय?

शक्य असेल तर पोराला आजी-आजोबांजवळ ठेवून शाळा चालू ठेवा, हे तुम्हाला माहीत आहेच. न्यावंच लागलं तर जिथे जाल तिथल्या शाळेत बसवा आणि तिथल्या शिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगा की पोराची भाषा कोरकू आहे, मराठी अजून शिकतोय. एवढं एक वाक्य सांगितलं नाही तर पोर "काही येत नाही" म्हणून शेवटच्या रांगेत जातं. कामाच्या ठिकाणी वेगवेगळ्या भाषेची माणसं असतात, पोरं त्यांच्यात मिसळतील, मिसळू द्या. खोपटात रात्री मात्र आपलंच बोलणं ठेवा.

कोरकू ही काय भाषा आहे का? ती तर बोली, लिहिता पण येत नाही.

हे वाक्य मी शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकलंय. कोरकू मराठीची किंवा हिंदीची बोली नाही. ती मुंडा कुळातली स्वतंत्र भाषा आहे, झारखंड-ओडिशा-बंगालकडच्या संतालीची, मुंडारीची बहीण. सहाला कोरकूत "तुरुई" आणि दहाला "गेल" म्हणतात, संतालीतही तेच शब्द आहेत. मधे शेकडो कोसांचं अंतर आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांना ओळखतही नाहीत, तरी आकडे तेच. संताली 2003 च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत आली. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांची मातृभाषा संतालीच. 2011 च्या जनगणनेत कोरकू मातृभाषा सांगणारे सात लाखांहून जास्त लोक होते, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र मिळून.

लिहिण्याचं म्हणाल तर देवनागरीत कोरकू लिहिता येते. पाण्याला "डा" म्हणता, त्याच्या शेवटी गळ्यात जो किंचित अडका येतो त्याला देवनागरीत खूण नाही, म्हणून कोणी एक प्रकारे लिहितं, कोणी दुसऱ्या. चालतं. मी पोरांच्या चित्रांखाली आधी त्यांचा शब्द लिहिते, शेजारी मराठी.

सरकार तर मराठी शिकवा म्हणतं. कोरकू बोलू दिलं तर तुमच्यावर कारवाई नाही होणार?

नाही. राज्यघटनेच्या 350 अ कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यात मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय करावी असं म्हटलंय. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं 29 वं कलम सांगतं की शक्य तितकं शिक्षण मुलाच्या मातृभाषेतून असावं. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही निदान पाचवीपर्यंत घरची भाषा हेच म्हणतं. अडचण कायद्याची नाही, कोरकू येणारे शिक्षक आणि कोरकूतली पुस्तकं कमी असण्याची आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तिथे ठराव करून गावातल्या शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला पहिलीच्या वर्गात मदतीला बोलवा, असा आग्रह तुम्ही धरू शकता. आमच्याकडे ताई अशीच येते.

आमची मोठी आता कोरकूत बोलायला लाजते. आम्ही कोरकूत विचारतो, ती हिंदीत उत्तर देते.

हे बहुतेक पाचवी-सहावीत, आश्रमशाळेत किंवा तालुक्याच्या शाळेत गेल्यावर होतं. कुणी तरी हसलेलं असतं. तिला रागावू नका आणि "आपली भाषा विसरली" म्हणून चारचौघांत टोमणाही मारू नका, त्याने ती आणखी दूर जाते. तुम्ही कोरकूतच बोलत राहा, ती हिंदीत बोलली तरी. तिचं ऐकणं शाबूत राहतं आणि बोलणं परत येऊ शकतं. तिला कोरकू लागेल असं काम द्या. आमच्या गावातल्या एकीला मी आजीकडून गोष्टी ऐकून वहीत उतरवायला सांगितलं, देवनागरीत, जमेल तशा. पहिल्या आठवड्यात तिला तीन शब्दांचे अर्थ कळले नाहीत आणि ते विचारायला तिला आजीकडेच जावं लागलं. आता ती वही पहिलीच्या वर्गात असते. शनिवारी ती येऊन त्यातली एक गोष्ट वाचते. लहान पोरं मध्येच तिला थांबवून सांगतात की आमच्या घरी ही गोष्ट वेगळी आहे, आणि ती समासात तीही लिहून घेते.